बर्गमोट, लिंबू की संत्रं? सायट्रस तेल लावून उन्हात जाण्याआधी बाटलीवर काय वाचायचं?

एका बाटलीवर 'बर्गमोट ऑइल, १०० टक्के शुद्ध' असं लिहिलेलं असतं आणि शेजारच्या बाटलीवर 'ऑरेंज ऑइल, १०० टक्के शुद्ध'. दोन्ही तेलं लिंबूवर्गीय फळांच्या सालीतून काढलेली, दोन्हींचा वास ताजा. पण खोबरेल तेलात मिसळून ही तेलं हातापायाला लावली आणि दुपारी उन्हात गेलं, तर एकाने बहुधा काहीच होणार नाही आणि दुसऱ्याने भाजल्यासारखे फोड येऊ शकतात. नंतर राहणारा काळसर डाग काही महिने जात नाही.

हा फरक 'शुद्ध' या शब्दावरून कळत नाही. तो कळतो वनस्पतीच्या शास्त्रीय नावावरून, तेल फळाच्या किंवा झाडाच्या कोणत्या भागातून काढलंय त्यावरून आणि ते कसं काढलंय त्यावरून. या तीन गोष्टी बाटलीवर कुठे आणि कशा शोधायच्या, ते समजून घेऊया.

उन्हात नेमकं काय होतं?

काही सायट्रस फळांच्या सालीत फ्युरोकुमारिन नावाच्या गटातली रसायनं असतात. बर्गमोटच्या सालीत सापडणारं बर्गाप्टेन हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध. बर्गमोट म्हणजे मुख्यतः दक्षिण इटलीतल्या कॅलाब्रिया भागात पिकणारं, आंबट-कडू चवीचं एक फळ. अर्ल ग्रे चहाला जो सुगंध असतो, तो याच्याच तेलाचा.

बर्गाप्टेन अंधारात त्वचेवर असलं तरी विशेष काही करत नाही. मात्र सूर्यप्रकाशातले अतिनील 'ए' किरण, म्हणजे यूव्हीए, त्यावर पडले की ते त्या किरणांची ऊर्जा शोषून घेतं आणि त्वचेच्या पेशींमधल्या डीएनएला चिकटतं. पेशींना इजा होते, काही पेशी मरतात आणि त्वचा भाजल्यासारखी लाल होते. डॉक्टर याला फोटोटॉक्सिक म्हणजे प्रकाशामुळे होणारी विषारी प्रतिक्रिया म्हणतात.

ही ॲलर्जी नाही, हे लक्षात ठेवायला हवं. ॲलर्जी काही जणांनाच होते आणि तिच्यात शरीराची प्रतिकारशक्ती गुंतलेली असते. इथे मात्र पुरेसं रसायन आणि पुरेसे किरण एकत्र आले की कुणालाही त्रास होऊ शकतो, अगदी पहिल्याच वेळी. म्हणूनच मनगटावर थेंब लावून घरात केलेली 'पॅच टेस्ट' या बाबतीत फसवी ठरते. चाचणी सावलीत होते आणि त्रास उन्हात.

हा गुण आपल्याकडे अगदी अनोळखी नाही. कोडावरच्या पारंपरिक उपचारात बावचीचं बी वापरलं जातं आणि ते लावून ऊन घ्यायला सांगतात. बावचीतलं सोरालेन हे बर्गाप्टेनचंच जवळचं नातेवाईक. आधुनिक वैद्यकातही सोरालेन देऊन मोजून यूव्हीए किरण देण्याची उपचारपद्धती आहे. तिथे औषधाची मात्रा आणि किरणांची वेळ डॉक्टर ठरवतात. तेलाची बाटली घेऊन दुपारी बाहेर पडणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं.

त्रास कसा ओळखायचा?

साध्या सनबर्नपेक्षा हा त्रास उशिरा दिसतो. लाली साधारण एका दिवसाने यायला लागते आणि दोन ते तीन दिवसांनी सगळ्यात जास्त होते. त्यामुळे सोमवारी लावलेल्या तेलाचा संबंध गुरुवारच्या फोडांशी जोडणं अनेकांना सुचत नाही. खाजेपेक्षा आग आणि दुखणं जास्त असतं.

सगळ्यात मोठी खूण म्हणजे डागाचा आकार. तेल जिथे लागलं किंवा ओघळलं, तिथेच आणि त्याच आकारात लाली येते. मानेवरून खाली उतरलेली रेघ, बोटांचे ठसे, थेंबाचा ओघळ. १९२५ मध्ये रोझेन्थाल या जर्मन डॉक्टरांनी मानेवरच्या अशा डागांना 'बर्लोक' हे नाव दिलं, कारण ते गळ्यातल्या लोलकासारखे दिसत होते. हे डाग बर्गमोट तेल असलेलं कोलोन लावल्यामुळे येतात.

अशीच एक नोंद २००१ मध्ये अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. त्यात अरोमाथेरपीसाठीच्या बर्गमोट तेलामुळे दोन जणांच्या अंगावर दोन-तीन दिवसांत फोड आल्याचं वर्णन आहे. त्यातल्या एकाने तेल अंगाला लावलंच नव्हतं. सॉनामध्ये त्या तेलाची वाफ अंगावर आली आणि त्यानंतर त्वचा टॅन करणाऱ्या यंत्राचे यूव्हीए किरण घेतले गेले. बंद खोलीतली वाफ आणि लगेच तीव्र किरण अशी ही दुर्मीळ जुळणी होती. घरातल्या साध्या डिफ्युझरला घाबरायचं कारण यात नाही. पण रसायन त्वचेपर्यंत पोहोचलं की मार्ग कुठलाही असो, परिणाम तोच होतो.

बाटलीवर पहिलं वाचायचं: शास्त्रीय नाव

'लेमन ऑइल' हे बाजारातलं नाव आहे. त्यावरून फळ नक्की कोणतं, ते कळत नाही. आपल्याकडे तर गोंधळ आणखी वाढतो. मराठीत ज्याला आपण रोज लिंबू म्हणतो, ते पातळ सालीचं कागदी लिंबू म्हणजे सिट्रस ऑरँटिफोलिया. इंग्रजीत त्याला लाइम म्हणतात. इंग्रजीतलं लेमन म्हणजे सिट्रस लिमॉन हे जाड सालीचं, मोठं, पिवळं फळ. पण भारतात बोलताना दोघांनाही सर्रास लेमन म्हटलं जातं. सालीतून दाबून काढलेलं लाइमचं तेल लेमनच्या तेलापेक्षा उन्हात बरंच जास्त धोकादायक असतं. त्यामुळे मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं लॅटिन नाव वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

दुसरा सापळा 'ऑरँशियम' या शब्दात आहे. साबण, क्रीम किंवा लोशनच्या घटकांच्या यादीत सिट्रस ऑरँशियम हे दोन शब्द दिसले की अनेकजण 'संत्रं' समजून पुढे जातात. पण खरं उत्तर तिसऱ्या शब्दात असतं. 'डल्सिस' लिहिलं असेल तर ते गोड संत्र्याचं तेल. उन्हाच्या दृष्टीने त्यावर मर्यादा घालण्याइतका धोका मानला जात नाही. 'अमारा' असेल तर कडू संत्रं, आणि त्याच्या सालीचं दाबून काढलेलं तेल फोटोटॉक्सिक असतं. 'बर्गामिया' असेल तर ते बर्गमोट, म्हणजे या तिघांमधलं सर्वांत धोकादायक. गोड संत्र्यासाठी काही बाटल्यांवर सिट्रस सिनेन्सिस हे नावही असतं.

नागपुरी संत्रं ज्या गटात येतं, त्या मँडरिनचं नाव सिट्रस रेटिक्युलाटा. त्याच्या सालीच्या तेलावर फ्युरोकुमारिनमुळे मर्यादा घातलेली नाही. ग्रेपफ्रूट म्हणजे सिट्रस पॅराडिसी. त्याला मर्यादा आहे, पण सौम्य. गवती चहाचं तेल लिंबासारखं वास देत असलं, तरी ती सायट्रस वनस्पतीच नाही. तिचं नाव सिम्बोपोगॉनने सुरू होतं आणि या लेखातला धोका तिला लागू होत नाही.

दुसरं वाचायचं: झाडाचा कोणता भाग?

एकाच कडू संत्र्याच्या झाडापासून तीन वेगळी तेलं मिळतात. सालीचं तेल, फुलांचं नेरोली आणि पानं व कोवळ्या फांद्यांचं पेटिटग्रेन. शास्त्रीय नाव तिन्हींवर सारखंच असतं. उन्हाचा प्रश्न येतो तो सालीच्या तेलाचा. म्हणून नावापुढे 'पील' किंवा 'फ्रूट' लिहिलंय की 'फ्लॉवर' किंवा 'लीफ', ते पाहायचं. इथे एक अपवाद आहे. मँडरिनच्या पानांच्या तेलात वेगळंच एक रसायन असतं आणि त्यामुळे ते मात्र फोटोटॉक्सिक ठरतं.

तिसरं वाचायचं: तेल कसं काढलं?

सायट्रस सालीतून तेल दोन प्रकारे काढतात. पहिल्या प्रकारात साल खरवडून किंवा दाबून तेल बाहेर काढतात. बाटलीवर त्याला 'कोल्ड प्रेस्ड' किंवा 'एक्स्प्रेस्ड' लिहिलेलं असतं. सालीतलं जवळजवळ सगळंच त्यात उतरतं, फ्युरोकुमारिनसुद्धा.

दुसरा प्रकार वाफेवर ऊर्ध्वपातनाचा, म्हणजे 'स्टीम डिस्टिल्ड'. यात वाफेबरोबर हलके, उडून जाणारे घटक वर जातात आणि थंड होऊन तेल बनतं. फ्युरोकुमारिनचे रेणू जड असतात, ते सहज उडत नाहीत आणि मागेच राहतात. म्हणून एकाच लाइमचं कोल्ड प्रेस्ड तेल उन्हात धोक्याचं आणि स्टीम डिस्टिल्ड तेल निर्धोक असू शकतं. लेमनचंही तसंच.

बर्गमोटसाठी तिसरा पर्याय असतो. तेलातून फ्युरोकुमारिन काढून टाकतात आणि बाटलीवर 'एफसीएफ' किंवा 'बर्गाप्टेन फ्री' असं लिहितात. वास थोडा बदलतो, पण अंगाला लावायच्या तेलासाठी हाच प्रकार योग्य.

अडचण अशी की क्रीम किंवा लोशनच्या घटकांच्या यादीत पद्धत लिहिलेली नसते. तिथे फक्त घटकाचं ठरावीक नाव असतं आणि ते कोल्ड प्रेस्ड व डिस्टिल्ड दोन्हींसाठी एकच असू शकतं. यादीतल्या क्रमावरूनही प्रमाणाचा अंदाज येत नाही. भारतातल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार १ टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. १ टक्का किंवा त्यापेक्षा कमी असलेले घटक मात्र नंतर कोणत्याही क्रमाने देता येतात. सुगंधी तेलं बहुतेक वेळा याच शेवटच्या गर्दीत असतात. अशा वेळी कंपनीला थेट विचारणं हाच उपाय: तेल दाबून काढलंय की डिस्टिल करून, आणि बर्गाप्टेन किती आहे?

'१०० टक्के शुद्ध' म्हणजे सुरक्षित का नाही?

बर्गाप्टेन ही भेसळ नाही. ते बर्गमोटच्या सालीचाच भाग आहे. त्यामुळे अस्सल, काहीही न मिसळलेल्या कोल्ड प्रेस्ड तेलात ते असणारच. उलट एफसीएफ तेलावर प्रक्रिया झालेली असते, पण उन्हाच्या दृष्टीने तेच सुरक्षित. शुद्धता आणि सुरक्षितता हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

'थेराप्युटिक ग्रेड' हा शब्दही असाच. कोणतीही सरकारी यंत्रणा तेलांना अशी श्रेणी देत नाही. हे विक्रेत्यांनी स्वतः बनवलेलं बिरुद आहे.

काही कंपन्या तेलाचा जीसी-एमएस अहवाल देतात. तेलात दुसरं स्वस्त तेल मिसळलंय का, हे पाहायला तो उपयोगी असतो. पण ही चाचणी उडून जाणाऱ्या घटकांसाठी आहे. फ्युरोकुमारिन सहज उडत नाहीत, म्हणून ते मोजण्यासाठी एचपीएलसी नावाची वेगळी चाचणी करतात. जीसी-एमएस अहवालात बर्गाप्टेन दिसत नाही, याचा अर्थ ते तेलात नाही असा होत नाही.

घरगुती चाचणीतही हाच घोळ होतो. कागदावर थेंब टाकायचा, डाग राहिला नाही तर तेल शुद्ध, असं सांगितलं जातं. खाद्यतेलाची भेसळ असेल तर तेलकट, पारदर्शक डाग राहतो हे खरं. पण अस्सल कोल्ड प्रेस्ड सायट्रस तेलसुद्धा न उडणाऱ्या घटकांमुळे फिकट पिवळसर किंवा हिरवट खूण सोडतं. डिस्टिल्ड तेल सोडत नाही. म्हणजे या चाचणीत अस्सल तेल नापास होऊ शकतं. गंमत म्हणजे फ्युरोकुमारिन असतात ते याच मागे राहणाऱ्या भागात.

किती थेंब चालतात? एक हिशेब

इफ्रा या आंतरराष्ट्रीय सुगंध उद्योग संघटनेने अंगावर राहणाऱ्या आणि ऊन लागू शकणाऱ्या उत्पादनांसाठी मर्यादा ठरवल्या आहेत. हा कायदा नाही, उद्योगाने स्वतःसाठी आखलेले नियम आहेत, पण जगभरातले उत्पादक ते पाळतात. कोल्ड प्रेस्ड तेलांसाठी बर्गमोट ०.४ टक्के, लाइम ०.७ टक्के, कडू संत्रं १.२५ टक्के, लेमन २ टक्के आणि ग्रेपफ्रूट ४ टक्के अशा या मर्यादा आहेत. साबणासारख्या लगेच धुतल्या जाणाऱ्या वस्तूंना त्या लागू होत नाहीत.

आता समजा, कुणी ३० मिलिलिटर खोबरेल तेलात बर्गमोट मिसळून अंगाला लावायचं तेल बनवतंय. ३० मिलिलिटरचे ०.४ टक्के म्हणजे ०.१२ मिलिलिटर. एका मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब धरले, तर हे होतात जेमतेम २ थेंब. इंटरनेटवर मात्र ३० मिलिलिटरला १० थेंब अशा कृती सहज सापडतात. १० थेंब म्हणजे अर्धा मिलिलिटर, म्हणजे जवळपास १.७ टक्के. मर्यादेच्या चौपट. वासाला हे प्रमाण जास्त वाटत नाही, म्हणूनच चूक लक्षात येत नाही. शिवाय प्रत्येक ड्रॉपरचा थेंब सारखा नसतो, त्यामुळे हिशेब जितक्यास तितका धरू नये.

दोन तेलं मिसळली तर धोका एकत्र मोजायचा. त्याच ३० मिलिलिटरमध्ये लेमनची मर्यादा २ टक्के, म्हणजे १२ थेंब. त्यातले ६ थेंब टाकले तर निम्मी मर्यादा संपली. मग बर्गमोटसाठीही निम्मीच जागा उरते, म्हणजे एक थेंब. '६ थेंब लेमन आणि २ थेंब बर्गमोट, दोन्ही आपापल्या मर्यादेत' असा हिशेब चुकीचा आहे.

इशारा नसेल तर?

चांगल्या बाटलीवर 'फोटोटॉक्सिक' किंवा 'लावल्यावर १२ तास ऊन टाळा' अशा अर्थाची सूचना असते. काही जाणकार १८ तासही सांगतात. ही सूचना पाहून बाटली परत ठेवायची गरज नाही. विक्रेत्याला आपलं तेल काय आहे ते माहीत आहे, असाच त्याचा अर्थ होतो. काळजी वाटायला हवी ती बर्गमोटच्या किंवा कोल्ड प्रेस्ड लाइमच्या बाटलीवर अशी सूचना नसेल तेव्हा. शास्त्रीय नाव, भाग आणि पद्धत यातलं काहीच लिहिलेलं नसेल, तर ते तेल कोल्ड प्रेस्ड आहे असं गृहीत धरून अंगाला न लावणं बरं. 'फ्रेग्रन्स ऑइल' लिहिलं असेल तर ते मिश्रण आहे आणि त्यात काय काय आहे हे नावावरून सांगता येत नाही.

ऊन टाळणं म्हणजे फक्त कडक ऊन टाळणं नव्हे. यूव्हीए किरण ढगांतून येतात आणि बऱ्याच प्रमाणात खिडकीच्या साध्या काचेतूनही. गाडीत काचेशेजारी बसलेला हातही त्यांच्या वाटेत असतो. सनस्क्रीनने धोका थोडा कमी होईल, पण त्याच्या भरवशावर राहू नये. ती जागा कपड्याने झाकणं जास्त खात्रीचं. तेल लावायचंच असेल तर रात्री लावावं आणि सकाळी आंघोळीत साबणाने धुऊन टाकावं.

चुकून तेल लावून कुणी बाहेर पडलंच, तर लगेच सावलीत येऊन साबण आणि पाण्याने ती जागा धुवावी, झाकावी आणि त्या दिवशी पुन्हा ऊन लागू देऊ नये. पुढचे तीन दिवस लक्ष ठेवावं. फोड आले तर फोडू नयेत आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. जाताना तेलाची बाटली सोबत न्यावी, कारण मागचं बारीक अक्षरातलं नाव डॉक्टरांनाही उपयोगी पडतं.

नंतर काळसर डाग राहिला तर तो घालवायला त्यावर लिंबू चोळण्याचा सल्ला घरातून हमखास मिळतो. तो मात्र मानू नये. कागदी लिंबाच्या सालीत आणि रसातही हीच रसायनं असतात. लिंबू चोळून उन्हात गेलं, तर जुना डाग जाण्याऐवजी त्याच्या शेजारी नवा उमटू शकतो.